घड्याळात बारा हजार पावलं दिसतात, म्हणजे नेमकं किती चाललो? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवतो. गावात पावलं मोजणारी घड्याळं आली तशी संध्याकाळी पारावर बसलं की कोणी ना कोणी मनगट पुढे करतं आणि विचारतं, "सर, हे एवढं झालं, तर किती किलोमीटर झालं?" तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

घड्याळात दिसणारा आकडा म्हणजे नेमकं काय?

घड्याळाला किंवा फोनला तुमचे पाय दिसत नाहीत. त्याला फक्त हिसका कळतो. आत डाळीच्या दाण्याहून लहान एक सेन्सर असतो आणि त्यात केसापेक्षा बारीक स्प्रिंगांवर तोललेलं इवलंसं वजन असतं. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला अंग थोडं वर उचललं जातं, मग खाली येतं, आणि टाच जमिनीला लागली की धक्का बसतो. ते वजन तेवढ्यापुरतं हलतं आणि सेन्सर त्याचा आकडा करतो. या आकड्यांचा आलेख काढला तर डवरलेल्या वावरासारखा दिसेल, एक उंचवटा, एक खळगा, परत उंचवटा. एका उंचवट्याला घड्याळ एक पाऊल धरतं.

पण हिसका कशानेही बसू शकतो, म्हणून ते आणखी दोन गोष्टी पाहतं. उंचवटा पुरेसा मोठा आहे का, आणि उंचवटे ठरावीक ठेक्यात येत आहेत का. माणूस साध्या चालीने चालला की मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस पावलं पडतात. तसा ठेका सलग काही पावलं टिकला तरच बहुतेक घड्याळं मोजायला सुरुवात करतात, आणि मागची राहिलेली पावलं एकदम जोडून घेतात. म्हणून चालायला लागल्यावर आकडा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग एकदम आठ-दहाने उडी मारतो. घड्याळ बिघडलेलं नसतं, ते खात्री करून घेत असतं.

म्हणजे पावलांचा आकडा हा निदान मोजलेला तरी असतो. त्याच्या खाली जे किलोमीटर दिसतात ते बहुतेक वेळा मोजलेले नसतात. पावलांना एका ठरावीक लांबीने गुणलेलं असतं, बस. ती लांबी चुकली की किलोमीटर चुकले. पुढचे सगळे प्रश्न याच लांबीभोवती फिरतात.

मग हिशोब कसा करायचा?

पावलं गुणिले एका पावलाची लांबी. लांबी सेंटिमीटरमध्ये घेतली तर गुणाकाराला एक लाखाने भागा, किलोमीटर मिळतील. १०,००० पावलं आणि ६५ सेंमीचं पाऊल असेल तर साडेसहा किलोमीटर.

तोंडी करायचं तर त्याहून सोपं आहे. तुमच्या पावलाचे सेंटिमीटर भागिले दहा, तेवढे किलोमीटर दहा हजार पावलांत होतात. ६५ चे ६.५, ५० चे ५. आमच्या पाचवीतल्या मुलांनाही हे लगेच जमतं.

जुन्या मंडळींना कोसात उत्तर लागतं. आमच्याकडे कोस म्हणजे दोन मैल, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास धरतात. ६५ सेंमीच्या पावलाने कोसभराला साधारण पाच हजार पावलं लागतात.

एक पाऊल म्हणजे डाव्या पायापासून उजव्यापर्यंत, की डाव्यापासून परत डाव्यापर्यंत?

डाव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंत. घड्याळ प्रत्येक पाय टेकला की एक मोजतं.

घोळ ॲपमध्ये होतो. काही ॲप `Step length` विचारतात, काही `Stride length`. दुसऱ्या शब्दाचा खरा अर्थ त्याच पायापासून त्याच पायापर्यंतची लांबी, म्हणजे दोन पावलं. पण कित्येक ॲप तो शब्द लिहून मागतात मात्र एकाच पावलाची लांबी. आमच्या एका शिक्षकमित्राने अर्थ बरोबर ओळखून १३० भरले, आणि आठवडाभर रोज तेरा-चौदा किलोमीटर चालत असल्याचं सगळ्यांना सांगत राहिला. परीक्षा सोपी आहे. तुम्हाला माहीत असलेलं एक किलोमीटर चाला. ॲपने दोन दाखवले तर भरलेला आकडा अर्धा करा, अर्धा दाखवला तर दुप्पट.

माझ्या पावलाची लांबी मला कशी कळणार?

एक रस्ता उंचीवरून आहे. साधारण उंचीच्या ०.४१ पट पाऊल धरतात. बरीच ॲप पुरुषांसाठी ०.४१५ आणि बायकांसाठी ०.४१३ वापरतात, तुम्ही उंची भरली की ती मागे हेच करतात. माझी उंची १६८ सेंमी, म्हणजे हिशोबाने पाऊल ७० सेंमी.

हा अंदाज धडधाकट माणसाचा, मोकळ्या हातांनी, सपाट रस्त्यावर चालतानाचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, डोक्यावर भारा असलेल्या बाईला किंवा चिखलातल्या पायाला तो लागू होत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, आपलं पाऊल स्वतः मोजा. टेपही लागत नाही. फाट्यावरून जाणारा डांबरी रस्ता आहे ना, त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत. दोन मोठ्या दगडांमध्ये हजार मीटर. मध्ये २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले लहान दगड टिकून असतील तर ते दर दोनशे मीटरला असतात.

सकाळी रहदारी कमी असताना एका मोठ्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत नेहमीच्या चालीने जा. निघताना घड्याळातला आकडा कागदावर लिहा, पोचल्यावर लिहा, वजाबाकी करा. मोजतो आहे म्हणून ऐटीत लांब ढांगा टाकू नका, पहिल्या वेळी सगळेच टाकतात. तीनदा करा. माझे तीन आकडे आले १,४६२, १,४७८ आणि १,४७१. सरासरी १,४७०. एक लाख भागिले १,४७०, म्हणजे ६८ सेंमी. हिशोबाचे ७०, प्रत्यक्षातले ६८. फार फरक नाही, कारण मी धडधाकट आहे आणि रस्ता डांबरी आहे.

एक खबरदारी. रस्ता रुंद करताना दगड हलवून कुठेही रोवलेले असतात. आमच्या फाट्याजवळचा एक दगड असाच आहे, त्याच्या एका बाजूच्या टप्प्यात माझं पाऊल ६८ ऐवजी ७९ येतं. मी त्या सकाळी अचानक उंच झालो नव्हतो. लागोपाठच्या दोन-तीन टप्प्यांचे आकडे जुळले तरच विश्वास ठेवा.

दगड नसतील तर शाळेचं मैदान चालेल. पुरुषांच्या कबड्डीचं आखलेलं मैदान १३ मीटर लांब असतं. पण इतक्या कमी अंतरात वळण्यातच पावलं वाया जातात, त्यापेक्षा तीस मीटरचा टेप आणून पांदणीवर दोनशे मीटर आखून घेतलेले बरे.

वावरात चाललेली पावलं रस्त्यावरच्या पावलांएवढीच धरायची का?

नाही. आमच्या भागात सगळ्यात मोठी चूक इथेच होते, म्हणून हे सविस्तर सांगतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लहान भावाने दोन एकर पऱ्हाटीवर फवारणी केली. त्याच्या हातात माझंच जुनं घड्याळ होतं आणि त्यात पाऊल ६८ सेंमी भरलेलं. तोही जवळपास माझ्याच उंचीचा, म्हणून आम्ही ते तसंच ठेवलं होतं. संध्याकाळी घड्याळात १३,१०० पावलं आणि ८.९ किलोमीटर. तो म्हणाला, "दादा, नऊ किलोमीटर झाले आज." मला ते पटेना.

वावरातल्या चालण्याचं अंतर घड्याळाशिवायही काढता येतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. दोन ओळींमधल्या प्रत्येक तासातून माणूस एकदा जाणार असेल, तर एकूण अंतर म्हणजे वावराचं क्षेत्रफळ भागिले ओळींमधलं अंतर. वावर लांबट असो की चौकोनी, उत्तर तेच. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, दोन एकर ८७,१२०. आमच्या पऱ्हाटीच्या ओळी चार फुटांवर. ८७,१२० भागिले ४ म्हणजे २१,७८० फूट, साधारण ६.६ किलोमीटर. भावाने प्रत्येक तासातून एकदा जाऊन फवारलं, तेव्हा हे झालं मूळ चालणं. वरून पंप भरायला धुऱ्यावरच्या ड्रमपर्यंत वीस फेऱ्या. एका फेरीचं येणं-जाणं सरासरी चाळीस मीटर धरलं तर आणखी आठशे मीटर. एकूण ७.४ किलोमीटर.

घड्याळ ८.९ म्हणतं, वावर ७.४ म्हणतं. दीड किलोमीटर गेलं कुठे?

दुसऱ्या दिवशी आम्ही टेपने शंभर मीटर तास मोजला आणि तो पाठीवर भरलेला पंप घेऊन चालला. १८२ पावलं, म्हणजे एक पाऊल ५५ सेंमी. रस्त्यावर ६८ टाकणारा माणूस तासात ५५ टाकतो. काळी माती ओली, बुटाला ढेकूळ चिकटलेलं, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचं वजन, आणि दोन्ही बाजूंनी आडव्या आलेल्या फांद्या. पाय लांब टाकायची सोयच नाही. १३,१०० ला ५५ ने गुणलं की ७.२ किलोमीटर येतं, आणि वावराच्या हिशोबाने ७.४. एवढं जुळलं म्हणजे झालं. उरलेला थोडा फरक घड्याळाने सोडलेल्या पावलांचा असेल, नाहीतर माझ्या चाळीस मीटरच्या अंदाजाचा.

पावलं घड्याळाने जवळपास बरोबर मोजली होती. चुकली होती ती लांबी. तेव्हापासून आमच्या घरात भिंतीवर तीन आकडे खडूने लिहिलेले आहेत. डांबरी रस्ता ६८, कोरडी पांदण ६३, ओला तास ५५. तुमचे आकडे वेगळे येतील, पण क्रम बहुधा हाच राहील.

भावाचा पंप बॅटरीचा होता, नळी उजव्या हातात आणि घड्याळ डाव्या. हाताने दांडा मारायचा पंप असेल आणि त्याच मनगटावर घड्याळ असेल, तर दांड्याच्या ठेक्यातही पावलं चढू शकतात. तेव्हा घड्याळ काढून पॅन्टच्या खिशात ठेवा. आणि एका तासातून जाताना दोन ओळी फवारत असाल, तर वरचं मूळ अंतर अर्धं धरा.

आईच्या घड्याळात पावलं कमी दिसतात, पण किलोमीटर बरोबर येतात. असं कसं?

हा प्रश्न माझ्याच घरातला आहे, आणि त्याचं उत्तर मला दोन दिवसांनी सापडलं.

आईची उंची १५० सेंमी. ॲपने तिचं पाऊल ६२ धरलं होतं. तिला मंदिराच्या रस्त्याने दगड ते दगड चालवलं, मी मागून तोंडाने मोजत गेलो. खरी पावलं पडली २,०८० च्या आसपास, म्हणजे तिचं खरं पाऊल ४८ सेंमी. घड्याळाने मोजली १,४८० च. आणि किलोमीटर दाखवला ०.९२, जवळपास बरोबर.

झालं असं की दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. आई हळू चालते आणि चप्पल फरफटत नेते. टाच उचलून टेकत नाही, त्यामुळे धक्का मऊ बसतो, उंचवटा लहान पडतो आणि घड्याळ तो सोडून देतं. ताशी तीन किलोमीटरच्या खालची चाल असली की पावलं सुटणं ही अशा यंत्रांची जुनी खोड आहे. दुसरीकडे ॲपने पाऊल गरजेपेक्षा लांब धरलं होतं. पावलं कमी, लांबी जास्त, गुणाकार ठीकठाक.

मी शहाणपणा करून पाऊल ४८ भरलं, तर किलोमीटरभराला ०.७१ दिसू लागलं. म्हणजे एकच चूक सुधारली आणि उत्तर आणखी बिघडलं.

यातून मार्ग असा. अंतरच हवं असेल तर खऱ्या पावलांच्या मागे लागू नका, घड्याळ जी पावलं मोजतं त्यांनीच भागा. एक लाख भागिले १,४८० म्हणजे ६७.५ सेंमी. हे आईचं पाऊल नाही, हे आईच्या चालीवरचं त्या घड्याळाचं पाऊल आहे. तेवढं भरलं की रोजच्या रस्त्यावर किलोमीटर बरोबर येतात. मात्र पावलांचा आकडा तेव्हाही कमीच असतो. आई म्हणाली, "मले कायले पाह्यजे आकडे, मंदिर तं तेवढंच दूर हाय." तेही खरंच.

घड्याळ पावलं बरोबर मोजतंय का, हे कसं तपासायचं?

शंभर पावलं तोंडाने मोजत चाला आणि आकड्यातला फरक पाहा. ९५ ते १०५ च्या मध्ये असेल तर काम भागतं. हीच परीक्षा हळू चालून, आणि डोक्यावर हंडा घेऊन पुन्हा करा. हंड्याला हात धरलेला असला की मनगट झुलत नाही, आणि काही घड्याळं तेव्हा पार गोंधळतात.

दिवसाच्या आकड्यावर शंका आली तर वेळेने ताडून पाहा. मिनिटाला ११० पावलं धरली तर बारा हजारांना एक तास पन्नास मिनिटं लागतात. दिवसभरात एवढा वेळ पाय चाललेच नसतील, तर ती पावलं कुठून तरी उसनी आलेली आहेत.

मी दिवसभर मोटारसायकलवर होतो, तरी चार हजार पावलं कशी?

पांदणीतले खड्डे. हिसके मोठे असतात आणि कधी कधी ठेक्यातही बसतात. ट्रॅक्टर आणि बैलगाडीतही होतं. निघताना आणि पोचल्यावर आकडा लिहून ठेवा, मधला फरक वजा करा.

बायकांच्या बाबतीत हेच घरात होतं. भाकरी थापताना हाताचा ठेका इतका नेमका असतो की मनगटावरचं घड्याळ फसू शकतं. कापूस वेचताना मात्र उलट. एका झाडापाशी दोन पावलं, थांबणं, परत दोन पावलं. सलग ठेका जमतच नाही, म्हणून घड्याळ बरीचशी पावलं गाळतं. दिवसभर वेचणी करून पाय गळून गेलेत आणि आकडा तीन हजार, अशी तक्रार घेऊन दोघी-तिघी आल्या होत्या. त्या दिवसाचं चालणं घड्याळावरून काढू नका, वर सांगितलं तसं क्षेत्रफळ आणि ओळींवरून काढा.

फोन बरा की घड्याळ?

पॅन्टच्या पुढच्या खिशातला फोन पावलं चांगली मोजतो, कारण मांडीबरोबर हलतो. शर्टाच्या खिशातलाही ठीक. लोंबत्या पिशवीत किंवा पर्समध्ये ठेवला तर हिसका मऊ पडतो. आमच्या आशाताईंचा फोन पर्समध्ये असतो आणि त्या घरोघरी थांबत थांबत फिरतात, तेव्हा त्यांचा आकडा कमी येणारच. आणि फोन घरी चार्जिंगला लावून तुम्ही वावरात गेलात, तर त्याने काय मोजावं?

ॲप शून्यच दाखवत असेल तर सेटिंगमध्ये `Physical activity` ही परवानगी दिली आहे का ते पाहा. बॅटरी वाचवणारी सोय चालू असली की काही फोन ते ॲप मागे बंदही करून टाकतात.

जीपीएस लावलं तर हा सगळा खटाटोपच नको ना?

मोकळ्या रस्त्यावर लांब चालायचं असेल तर खरंच नको. जीपीएस जागेवरून अंतर काढतं, पावलांशी त्याचा संबंध नाही. माझं रस्त्यावरचं पाऊल मी त्याच्यावरही ताडून पाहिलं आहे.

पण ते जागा सांगताना काही मीटर इकडेतिकडे करतं. चार-चार फुटांच्या तासांतून जाणं-येणं असलं की त्याच्या नकाशावर सगळ्या रेघा एकमेकींत मिसळतात. तुम्ही धुऱ्यावर डबा खायला बसलात तरी ते जागच्या जागी थोडं सरकत राहतं आणि ते सरकणंही कधी कधी अंतरात धरतं. बॅटरी खातं ते वेगळंच.

दहा हजार हाच आकडा का?

१९६५ साली जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं एक पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आदल्याच वर्षी टोकियोला ऑलिंपिक झालेलं, लोकांना व्यायामाचा उत्साह होता. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो चिकटला. एखाद्या डॉक्टरांनी हिशोब करून काढलेली ती रेघ नव्हे.

आणि अंतर म्हणून पाहाल तर दहा हजार सगळ्यांचे सारखे नसतातच. माझे रस्त्यावर ६.८ किलोमीटर होतात, भावाचे ओल्या तासात साडेपाच, आईच्या खऱ्या पावलांचे ४.८.

गंमत म्हणजे याच्या शंभर वर्षं आधी दहा हजारांचा हिशोब आपल्याकडच्या एका माणसाने करून ठेवला होता. कुमाऊँचे पंडित नैनसिंग रावत ल्हासापर्यंत गुपचूप सर्वेक्षण करत गेले, तेव्हा त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं, म्हणजे त्यांच्या हिशोबाने पाच मैल. त्यासाठी चढ असो की उतार, पाऊल सारखंच पडेल असा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. आपण तसा सराव करत नाही, म्हणून भिंतीवर तीन आकडे लिहावे लागतात.

शेगावला पायी जाताना पहिल्या दिवसाचं पाऊल शेवटपर्यंत धरायचं का?

नको. थकलं, पायाला फोड आले, उन्हं चढली की पाऊल आखडतं. टाळ-मृदंगाबरोबर दिंडीत चालताना तर पुढच्या माणसाच्या टाचेला पाय लागू नये म्हणून ते आधीच आखूड असतं. रस्त्याला दगड असतातच, सकाळी एक किलोमीटर आणि दुपारनंतर एक किलोमीटर मोजून घ्या. दोन्हींची सरासरी धरली तरी बरंच जवळ जाता.

पावलांनी वावर मोजता येतं का?

कुंपणाला तार किती लागेल, ठिबकची नळी किती आणायची, इतपत अंदाजाला चालतं. क्षेत्रफळाला नाही, कारण तिथे चूक दोनदा लागते, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत.

समजा कोरड्या वावरात तुमचं पाऊल ६३ पडतं आणि तुम्ही हिशोबाला रस्त्यावरचं ६८ घेतलं. प्रत्येक बाजू आठ टक्क्यांनी लांब आली. एवढ्यानेच ४० गुंठ्यांचं एक एकर वावर साडेसेहेचाळीस गुंठ्यांचं होऊन बसतं. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून कुरबूर चालू असेल आणि तुम्ही असा आकडा पारावर बोलून दाखवला, तर पुढे काय होतं ते मी सांगायला नको. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच मागवावी.

मी रात्री जागलीला जातो. पावलं दोन दिवसांत तुटतात, ती एकत्र कशी करायची?

बहुतेक घड्याळं रात्री बारा वाजता आकडा शून्यावर आणतात. रानडुकरं राखायला तुम्ही दहाला निघालात आणि पाचला परतलात, तर दहा ते बाराची पावलं कालच्या खात्यात जातात आणि उरलेली आजच्या. निघताना आकडा लिहा, कालचा एकूण आकडा सकाळी ॲपमध्ये बघून त्यातून तो वजा करा, आणि आजचा परततानाचा आकडा मिळवा. अंधारात बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावरून चालताना पाऊल जपून पडतं, तेव्हा लांबी रस्त्याची न धरता तासातलीच धरा.